मदत हवी आहे : सोसायटीच्या सूचनेतला आरडाओरडा कसा कमी करावा?

खारघरकर

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनांचे मसुदे गेल्या सर्वसाधारण सभेपासून माझ्याकडे तपासायला येतात. पाण्याच्या टाक्या धुण्याविषयीची पुढची सूचना दीड पानांची झाली आहे. तिचा निम्म्याहून अधिक मजकूर जाड ठशात असून दंडाची व थकबाकीची वाक्ये लाल रंगात आहेत. मध्येच URGENT, STRICTLY, DEFAULTER असे इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत टाकलेले आहेत आणि त्यांच्यामागे तीन-तीन उद्गारचिन्हे आहेत. मागच्या सूचनेनंतर दोन ज्येष्ठ सभासदांनी कार्यालयात येऊन विचारले, की आमची काही चूक झाली आहे का. दोघांचीही एका पैशाची थकबाकी नव्हती.

मजकूर मूळचा डीटीपीवाल्याने वर्डमध्ये टाईप केलेला आहे. सूचना छापून फलकावर लागते, तिच्या झेरॉक्स प्रती जिन्यांत लागतात आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरही जातो. हे सगळे जाड, लाल आणि मोठ्या अक्षरांतले लिखाण एकदम कसे काढावे, आणि काढल्यावर महत्त्वाची गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही यासाठी काय ठेवावे, असे माझे दोन प्रश्न आहेत. नमुन्यादाखल मसुद्यातला एक परिच्छेद देतो. तारकांमधला मजकूर जाड समजावा. त्यातली शेवटची दोन वाक्ये लालही आहेत.

```
*URGENT!!! सर्व सभासदांना शेवटची सूचना
देण्यात येते की* टाक्यांच्या सफाईकरिता
*मंगळवारी सकाळी ९ ते सायंकाळी ४ पाणी बंद
राहील. सभासदांनी STRICTLY आधीच पाणी भरून
ठेवावे. मागाहून तक्रार खपवून घेतली जाणार
नाही!!! DEFAULTER सभासदांना टँकरचे पाणी
मिळणार नाही!!!*
```

झटपट_उपाय

यात अवघड काही नाही. Ctrl+A दाबून सगळा मजकूर निवडावा आणि Ctrl+Space दाबावे, म्हणजे जाड ठसा, रंग, अधोरेखन सगळे एका फटक्यात जाते. मग निवड तशीच ठेवून Shift+F3 दाबत राहावे, म्हणजे मोठी अक्षरे लहान होतात. मराठीत मोठी-लहान अक्षरे नसतातच, त्यामुळे मराठी मजकुराला धक्का लागण्याचा प्रश्न येत नाही. मी आमच्या कार्यालयाची परिपत्रके नेहमी अशीच साफ करतो.

मुद्रितशोधक

खारघरकर, वरचा उपाय करण्यापूर्वी कृपया थांबावे आणि एक तपासणी करावी. कोणत्याही मराठी शब्दावर कर्सर ठेवून वर फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव दिसते ते पाहावे. तेथे Mangal, Nirmala UI, Mukta असे काही असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि झटपट_उपाय यांचे म्हणणे बरेचसे लागू पडते. मात्र डीटीपीवाल्याकडून आलेल्या फाईलमध्ये बहुधा Kruti Dev किंवा श्री-लिपीचा एखादा जुना फॉन्ट निघतो. अशा फाईलमध्ये मराठी अक्षरे नसतातच. साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे, आणि फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो.

Ctrl+Space फॉन्टची निवडही काढून टाकते, त्यामुळे पानभर अर्थहीन रोमन अक्षरे दिसू लागतात. ते निदान लगेच लक्षात येते आणि Ctrl+Z ने परत घेता येते. Shift+F3 अधिक घातक आहे, कारण त्याचे नुकसान पहिल्या नजरेला दिसेलच असे नाही. कृतिदेवमध्ये लहान d म्हणजे क आणि मोठा D म्हणजे क्. लहान e म्हणजे म आणि मोठा E म्हणजे म्. सगळी अक्षरे लहान केली की ‘म्हणून’चे ‘महणून’ होते आणि ‘क्या’चे ‘कया’. ‘भरणा’ तर ओळखूही येत नाही, कारण तेथे भ मोठ्या H ने सुरू होतो आणि लहान h म्हणजे दीर्घ वेलांटी. घाईत वाचणाऱ्याला असली पाने मुद्रणदोषांनी भरलेली वाटतात आणि दोष टाईप करणाऱ्यावर जातो.

आणखी एक. फाईल युनिकोडची असली तरी सबंध मजकुरावर Shift+F3 चालवू नये. CCTV, NOC, OTP यांचे cctv, noc, otp होते.

खारघरकर

आपण म्हणालात तसेच निघाले. मराठी मजकुरावर Kruti Dev 010 दिसतो आणि इंग्रजी शब्दांवर Times New Roman. सर्व मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा काय? सूचना उद्या संध्याकाळपर्यंत लावायची आहे.

मुद्रितशोधक

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा मजकूर युनिकोडमध्येच लागेल, त्यामुळे कधी ना कधी बदलावा लागणारच. पण रूपांतरानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागते. उद्याची सूचना दीडच पानाची आहे, तर ती युनिकोडमध्ये नव्याने टाईप करणे मला अधिक सोयीचे वाटते. तसे जमणार नसेल तर फाईलची प्रत करून पुढीलप्रमाणे करावे.

Ctrl+A करून Ctrl+B दोनदा दाबावे. मजकूर अंशतः जाड असला की पहिल्या वेळी सगळाच जाड होतो आणि दुसऱ्या वेळी सगळाच साधा. यात फॉन्टला हात लागत नाही. निवड न सोडता अक्षरांचा रंग Automatic करावा. लाल रंग Find and Replace ने शोधण्याच्या फंदात पडू नये, कारण शोधताना नेमकी तीच छटा द्यावी लागते आणि दोन-तीन हातांतून गेलेल्या फाईलमध्ये लाल रंगाच्या दोन-तीन छटा असतात. एक जाते आणि दुसरी तशीच राहते. शीर्षकाचा जाड ठसाही या पद्धतीत जातो, तो शेवटी परत द्यावा.

इंग्रजी शब्द मोजकेच आहेत. ते एकेक करून पाहावेत आणि लहान करण्याऐवजी सरळ काढून टाकावेत. एखादा शब्द निवडून Shift+F3 दाबल्यावरही मोठाच दिसत राहिला, तर तो मोठ्या अक्षरांत टाईप केलेला नसून त्यावर All caps हा परिणाम लावलेला आहे असे समजावे. तेवढाच शब्द निवडून Ctrl+Shift+A दाबले की तो परिणाम जातो.

अनुस्वार

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्या मुलांच्या शाळेकडून येणारे संदेश संपूर्ण जाड ठशात असतात आणि शिक्षिकांना विचारले तर त्या म्हणतात, की पालक साधे लिहिलेले वाचतच नाहीत. अशा वेळी शाळेला तक्रार कोणत्या शब्दांत करावी? आणि समोरचा रागावलेला आहे की नुसता घाईत आहे, हे कसे ओळखावे?

मुद्रितशोधक

अनुस्वार, तक्रारीच्या मसुद्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर अधिक लोक उत्तर देतील. येथे प्रश्न आपणच लिहिलेला मजकूर सुधारण्याचा आहे. मात्र त्या शिक्षिकांच्या म्हणण्यात खारघरकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ आहे, म्हणून त्यावर लिहितो.

देवनागरीचा जाड ठसा लहान आकारात लवकर गच्च होतो. शिरोरेघ जाड होते, जोडाक्षरांमधली पोकळी बुजते आणि घ-ध, भ-म, ष-प यांतला फरक दोन हातांवरून कळेनासा होतो. फॉन्टला स्वतःची जाड आवृत्ती नसेल तर संगणक साधीच अक्षरे फुगवून दाखवतो आणि मग ‘द्ध’, ‘द्व’ यांचा नुसता ठिपका उरतो. त्यामुळे सबंध परिच्छेद जाड केला की तो वाचला जाण्याची शक्यता कमीच होते, आणि शेजारी साधा मजकूर उरला नाही तर ठळकपणालाही अर्थ राहत नाही.

लाल रंगाचे दुखणे झेरॉक्समध्ये दिसते. काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल अक्षरे करडी उमटतात, म्हणजे ज्या दंडाच्या ओळीसाठी लाल रंग वापरला तीच ओळ जिन्यातल्या प्रतीत सर्वांत फिकट दिसते. पडद्यावरही शुद्ध लाल आणि पांढरा यांच्यातला उठावाचा फरक जेमतेम ४:१ भरतो. लहान अक्षरांसाठी किमान ४.५:१ असावा असा वेब सुलभतेचा संकेत आहे. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्या काही सभासदांना तर गडद लाल आणि काळा यांतला फरकच दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षरांचा रंग जातच नाही, तेव्हा जे केवळ रंगाने सांगितले ते तेथे सांगितलेच गेले नाही असे होते.

म्हणून आधी सगळे साधे करावे, मग सभासदाला मंगळवारी नेमके काय करायचे आहे ते पाहावे आणि फक्त तेवढ्यालाच ठळक करावे. आपल्या परिच्छेदात ती गोष्ट एकच आहे : वार आणि वेळ. मी असे लिहीन :

```
विषय : मंगळवारी पाणी बंद

टाक्यांच्या सफाईमुळे
*मंगळवारी सकाळी ९ ते सायंकाळी ४*
पाणीपुरवठा बंद राहील. आवश्यक तेवढे पाणी
सोमवारी रात्रीच भरून ठेवावे. काम
लांबल्यास तसे फलकावर लिहिले जाईल.
```

येथे नुसता रंग आणि ठसा काढून भागले नसते. ‘शेवटची सूचना’, ‘खपवून घेतली जाणार नाही’ हे शब्द काळ्या साध्या अक्षरांतही ओरडतातच. थकबाकीचे वाक्य मी मुद्दाम वगळले आहे. तो निरोप काही मोजक्या घरांसाठी आहे आणि तो त्यांना स्वतंत्र पत्राने, रक्कम व मुदत लिहून जावा. शंभर घरांनी तो वाचला की थकबाकी नसलेल्यांना टोचतो आणि ज्यांची आहे ते गर्दीत लपतात. शिवाय थकबाकीमुळे पाणी नाकारण्याची भाषा कोणत्याही रंगात लिहिण्यापूर्वी वकिलांना विचारलेले बरे.

झटपट_उपाय

कृतिदेवची बाब मला ठाऊक नव्हती, आमच्याकडे सगळे युनिकोडच असते. पण लाल रंग पूर्ण काढावा हे मला पटत नाही. लिफ्ट बंद असताना दारावर लावायची पाटी लालच हवी.

मुद्रितशोधक

पाटीचे आपले म्हणणे मला मान्य आहे. चार शब्दांची, हातभर अक्षरांची, लांबून दिसायला हवी अशी ती वस्तू आहे. तेथेही रंगासोबत ‘बंद’ हा शब्द हवाच. दीड पान वाचायला लावणाऱ्या सूचनेला तो नियम लागू होत नाही.

खारघरकर

सूचना नव्याने टाईप केली आणि ती अर्ध्या पानात बसली. व्हॉट्सअ‍ॅपसाठी तोच मजकूर वेळेभोवती एकेक तारका देऊन पाठवणार आहे. सचिवांनी मसुदा मान्य केला. अध्यक्षांचे मात्र म्हणणे आहे, की पार्किंगच्या दंडाची एक ओळ तरी लाल असलीच पाहिजे, नाहीतर कोणी गांभीर्याने घेत नाही. ती ओळ टाक्यांच्या सूचनेत का असावी हे मी विचारले, त्यावर उत्तर मिळाले नाही. तूर्त ती वेगळ्या कागदावर काढून घेतली आहे. तिचा रंग रविवारच्या बैठकीत ठरेल. तोवर त्या कागदाची एक झेरॉक्स काढून अध्यक्षांना दाखवणार आहे.