ऑप्शन दिले म्हणून हित जुळतंच असं नाही

> शेअरचा भाव वाढला की मॅनेजरचाही फायदा. मग स्टॉक ऑप्शन दिल्यावर प्रश्न उरतोच कुठे?

उरतो, कारण ऑप्शन म्हणजे कंपनीचा शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क, सक्ती नाही. त्यामुळे ऑप्शनवाल्याला वरचा नफा मिळतो, खालचा तोटा मात्र लागत नाही. समजा भाव 100 आहे आणि ऑप्शनची ठरलेली किंमतही 100. एका प्रकल्पाने भाव नक्की 110 होईल. दुसऱ्याने निम्मी शक्यता 150 ची, निम्मी 60 ची. म्हणजे सरासरी 105. भागधारक डोळे झाकून पहिला निवडेल. मॅनेजरला मात्र पहिल्यात 10 मिळतात आणि दुसऱ्यात सरासरी 25, कारण भाव 60 झाला तरी त्याच्या खिशातलं काही जात नाही. तो जुगारच खेळणार!

ऑप्शनऐवजी काही वर्षं विकता न येणारे शेअर दिले, तर त्याचं गणितही 110 विरुद्ध 105 असं होतं. पण मग उलटी अडचण येते. भागधारकाचे पैसे दहा कंपन्यांत विखुरलेले असतात, मॅनेजरची नोकरी आणि पुंजी एकाच कंपनीत. त्यामुळे तो घेण्याजोगी जोखीमही टाळू लागतो. ऑप्शन देण्यामागे हा भित्रेपणा घालवणं हेही एक कारण असतं.

आणि भाव पडल्यावर संचालक मंडळाने ठरलेली किंमतच खाली आणली, तर तो प्रोत्साहन भत्ता राहत नाही, तो पगारच.