सनावळ्या आणि आकडे: तुमच्या टिपणाच्या कागदावर काय असतं?

स्पर्धा परीक्षावाल्यांनो, आकडे लक्षात ठेवायला तुम्ही कागदावर नेमकं काय लिहिता तेवढं सांगा. माझ्याकडचा एक गट देतो: प्रार्थना समाज १८६७, पुणे सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३. तीन-तीन वर्षांचं अंतर, म्हणजे पाठ करायचं साल एकच. पुढचा गट पुण्याचा: न्यू इंग्लिश स्कूल १८८०, केसरी १८८१, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४, फर्ग्युसन १८८५. आर्य समाज (१८७५) कुठेच बसेना, म्हणून खाली एकटा लिहिला.

रानपाखरू: एका गटात सात गोष्टी मावतात असं वाचलंय. मी सात-सातचे तक्ते करते.

जुना मास्तर: सात म्हणजे सुटे, ओळखीचे अंक वगैरे. साल अधिक नाव अशी जोडी असली की चारलाच दमछाक होते. धागाकर्त्याचा पुण्याचा गट चारचाच आहे बघा.
मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तिथे मुलांचा आकडा सहसा चुकत नाही, दहाचा घात चुकतो. म्हणून घाताचा रकाना वेगळा ठेवायला सांगतो:

```
N_A   6.022   +23
k     1.381   -23
e     1.602   -19
```

पहिल्या दोघांचा गुणाकार केला की घात उडतात आणि साधारण ८.३१ उरतं, म्हणजे वायू स्थिरांक R. पहिला आणि तिसरा गुणला की ९.६५ आणि घात ४, म्हणजे फॅरेडे, साधारण ९६,५००. e चा घात चुकून −१८ लिहिलात तर उत्तर साडेनऊ लाखांवर जातं, चूक लगेच दिसते. सुटे पाठ केलेत तर ही पडताळणी हाताशी नसते.

कोकणी_मेवा: तयार पीडीएफ आहे का कुणाकडे? मराठीत हवी.

रानपाखरू: अहो, स्वतः लिहिण्याबद्दल चाललंय!

तलाठी होणारच: जनगणना २०११ चा घोळ सांगतो. महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर एका पुस्तकात ९२५, दुसऱ्यात ९२९. साक्षरता ८२.९१ की ८२.३४? पहिले हंगामी, दुसरे अंतिम. माझ्या तक्त्यात आता फक्त अंतिम ओळ आहे: महाराष्ट्र ९२९, ८२.३४, भारत ९४३, ७२.९९. राज्य-देश एकाखाली एक लिहिले की फरकही ध्यानात राहतो, साक्षरतेत आपण वर, लिंग गुणोत्तरात खाली. हंगामी आकडे शेजारी ठेवू नका, दोन्ही जोड्या डोक्यात एकमेकींत मिसळतात.

जुना मास्तर: इथे माझं उलट मत. पर्यायांत हंगामी आकडा हमखास दिसतो, तो ओळखता यायला हवा. लाल शाईने लिहा, पण लिहा.

तलाठी होणारच: सर, लाल शाईसकट पाठ होतो तो!

रानपाखरू: आणि ‘कालानुक्रमे लावा’ आलं की? विषयवार गटांत मी अडकते. केसरी आधी की आर्य समाज, यासाठी दोन गट डोक्यात उलगडावे लागतात. सालवार दुसरा कागद करता का कुणी?