शब्दचर्चा: 'सेल्फ-असाइन्ड' पत्ता आणि 'लिमिटेड कनेक्टिव्हिटी'

शाईदौत
आमच्या गावच्या वाचनालयाच्या काउंटरवर संगणकासाठी मराठीत सूचनापत्रक लावायचं आहे. या संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून पिवळा त्रिकोण येतो आणि `Limited connectivity` असं दिसतं. मी त्याचा अर्थ 'मर्यादित जोडणी, म्हणजे नेट संथ आहे' असा लिहिला आहे. त्या वेळी `ipconfig` दिल्यावर हे दिसतं:

```
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.83.17
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.0.0
Default Gateway . . . . . . . . . :
```

एका वाचकाच्या मॅकवर याच प्रकाराला `Self-Assigned IP` म्हटलेलं पाहिलं. त्यासाठी 'स्वयंनियुक्त पत्ता' चालेल का? आणि 'लिमिटेड'चा मी लावलेला अर्थ बरोबर आहे ना?

रानवाट
स्वयंनियुक्त बरोबर आहे. कंपनीकडून येणारा पत्ता आला नाही की संगणक स्वतःच एक पत्ता लावून घेतो. पत्रकात सरळ लिहा, 'नेट बंद आहे, इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा'.

तारजोड
पहिला भाग पटला, दुसरा नाही. तुमच्या संगणकाला पत्ता कंपनी देत नाही, तो वाचनालयातला राउटर देतो. कंपनीची लाइन पूर्ण तुटली असली तरी राउटर चालू असेल तर संगणकाला 192.168 ने सुरू होणारा व्यवस्थित पत्ता मिळतो, फक्त पुढे इंटरनेट नसतं. तेव्हा 169.254 दिसलं तर आधी राउटर, वायर आणि मधला स्विच बघायचा. कंपनीला फोन केला तर तिचा माणूस येऊन लाइन ठीक आहे असं सांगून जाईल.

आता 'लिमिटेड'. वेगाशी त्याचा काही संबंध नाही. संगणक सुरू झाला की वायरवर सगळ्यांना उद्देशून विचारतो, इथे पत्ता देणारं कोणी आहे का? डीएचसीपी चालवणारा राउटर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागतो आणि राउटर मुदत घालून पक्का करतो. कोणाचंच उत्तर आलं नाही तर विंडोज 169.254 च्या पट्ट्यातला एक आकडा निवडतं, तो शेजारी कोणी वापरत नाही ना हे विचारून घेतं आणि लावून टाकतं. असा पत्ता असलेली दोन यंत्रं एकाच वायरवर असतील तर आपसात बोलू शकतात. बाहेर जायला गेटवे लागतो आणि तुमच्याकडे ती ओळ रिकामी आहे. मर्यादा म्हणतात ती ही: कुंपणाच्या आत बोलता येतं, बाहेर नाही.

मोगरी
माझ्या फोनवर क्लासमध्ये असंच होतं. `Obtaining IP address` येऊन तिथेच अडकतो. मी दोनदा फोन रीसेट केला, फोटो गेले, तरी तेच. घरी मात्र नीट चालतो. म्हणजे माझ्या फोनलाही स्वयंनियुक्त पत्ता आला का?

तारजोड
नाही. अँड्रॉइड फोन सहसा असा पत्ता लावून घेत नाही. तो विचारत राहतो आणि शेवटी वायफाय सोडून देतो. पण कारण बहुधा एकच आहे, उत्तर देणारा गप्प आहे. घरी चालतो म्हणजे फोनमध्ये दोष नाही, पुन्हा रीसेट करू नका. क्लासवाल्यांना राउटर बघायला सांगा.

शाईदौत, तुमच्याकडे हे कधी होतं? वायफायवर बाकीच्यांचं चालू असतं का?

शाईदौत
बहुतेक मंगळवारी सकाळी. सोमवारी सुट्टी असते. अभ्यासिकेतल्या मुलांचे फोन छान चालू असतात, म्हणून मला संगणकच बिघडलाय असं वाटायचं. उशिरा येणारी काही मुलं मात्र वायफाय लागत नाही म्हणतात. बुधवारी सकाळी संगणक आपोआप ठीक होतो.

तारजोड
मंगळवारची खूण फार उपयोगाची आहे. पुढच्या वेळी संगणकाला हाताने पत्ता द्या: 192.168.1.20, मास्क 255.255.255.0, गेटवे आणि डीएनएस दोन्ही 192.168.1.1. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर त्याप्रमाणे बदला. आकडा राउटर वाटत असलेल्या पट्ट्याच्या बाहेरचाच घ्या, नाहीतर तोच दुसऱ्या कोणालातरी मिळेल आणि दोघंही अडतील. हे देऊन नेट लागलं तर वायर, स्विच, कार्ड सगळं शाबूत आहे आणि अडचण पत्ता वाटण्यात आहे. नाहीच लागलं तर वायरपासून सुरुवात करा.

शाईदौत
आज करून पाहिलं. हाताने पत्ता देताच नेट लागलं! मग राउटरच्या पानावर गेले. पट्टा 192.168.1.100 ते 192.168.1.149, म्हणजे 50 पत्ते, आणि यादीत सगळे दिलेले. मुदत 24 तास. पण आत्ता अभ्यासिकेत तीसच मुलं आहेत.

तारजोड
मुलं तीस, पण बऱ्याच जणांकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही. शिवाय सकाळी तासभर बसून गेलेल्याचा पत्ताही त्याच्याच नावावर अडकलेला, कारण फोन खिशात घालून निघताना पत्ता परत केला जात नाही. तो 24 तास संपेपर्यंत तसाच राहतो. काउंटर किती ते किती?

शाईदौत
सकाळी 8 ते 11, संध्याकाळी 4 ते 7. अभ्यासिका सहालाच उघडते.

तारजोड
मग जुळलं. एरवी संध्याकाळी 4 ला संगणक सुरू झाला की मुदत दुसऱ्या दिवशी 4 पर्यंत वाढते, त्यामुळे सकाळी 8 ला जुनाच पत्ता हक्काने मिळतो. रविवारी घेतलेली मुदत सोमवारी 4 ला संपते, तेव्हा संगणक बंद. मंगळवारी सहापासून मुलं येतात आणि 8 पर्यंत पन्नासही पत्ते जातात. साठा संपला की असे राउटर बहुधा 'नाही' असंही म्हणत नाहीत, नुसते गप्प बसतात. म्हणून संगणकाच्या बाजूने राउटर बंद असणं आणि साठा संपणं सारखंच दिसतं. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत असतं, बुधवारी एखादी मुदत संपली की त्याला पत्ता मिळतो.

मुदत 2 तासांवर आणा, पट्टा 192.168.1.50 ते 192.168.1.240 करा. काउंटरच्या संगणकासाठी राउटरमध्येच एक पत्ता राखून ठेवा आणि हाताने दिलेला काढून टाका. तो तसाच राहिला तर उद्या राउटर बदलल्यावर कोणाला आठवणार नाही.

रानवाट
कंपनीचं माझं चुकलंच तर. पण शब्दाबद्दल, 'स्वयंनियुक्त'ऐवजी 'तात्पुरता पत्ता' सोपा नाही का?

तारजोड
राउटरने दिलेलाही मुदतीचाच, म्हणजे तात्पुरताच असतो. फरक कोणी दिला यात आहे.

जुनीपाटी
नियुक्ती पदावर होते, पत्त्यावर नाही. मी 'आपणहून घेतलेला पत्ता' लिहीन. आणि हा प्रकार दोष म्हणूनच सांगू नका. माझ्याकडे एक मोजमापाचं यंत्र थेट वायरने लॅपटॉपला जोडतात, मध्ये राउटर नाही. दोघंही 169.254 घेतात आणि काम चालतं. विंडोज 98 पासून ही सोय आहे, 2005 मध्ये आरएफसी 3927 ने तिचे नियम ठरले. लॅपटॉप मात्र तिथेही त्रिकोण दाखवतोच.

शाईदौत
पत्रकात आता असं लिहिलंय: 'पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेला नाही. राउटर चालू आहे का आणि वायर बसली आहे का ते पाहा, कंपनीला लगेच फोन करू नका.' 'लिमिटेड' तसंच देवनागरीत ठेवलंय, कारण 'मर्यादित' वाचून लोक डेटा संपला असं समजतात. 'आपणहून घेतलेला' मला आवडलं, पण ग्रंथपालबाई 'स्वयंनियुक्त'वर ठाम आहेत.