अनुभव धागा: अनोळखी दुकानदाराला पहिला फोन, आणि त्याच्या पहिल्या ‘नको’नंतरचे बोलणे

धागाकर्ता: इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा परवाना माझ्याकडे आहे, आणि काट्यांचे सरकारी पासिंग करून आणण्याची कामेही मी करतो. काट्याची फेरपडताळणी दर 12 महिन्यांनी करावी लागते, त्यामुळे किराणा, भुसार आणि मिठाईच्या दुकानांत काम निश्चित असते. परंतु फोनवर माझे पहिले वाक्य पूर्ण होण्याआधीच ‘नको’ ऐकू येते. आपण नेमके काय बोलता, आणि त्या नकारानंतर काय करता, हे सविस्तर लिहावे.

भुसार बाजारातील काटेदुरुस्ती व्यावसायिक: माझी सुरुवात अशी असते: “नमस्कार, मी बाजारपेठेतून काटेवाला बोलतोय. तुमच्या काट्याच्या पासिंगबद्दल एकच विचारायचं होतं. समोर गिऱ्हाईक असेल तर सांगा, दुपारी करतो.” यात मी कोण, कशासाठी आणि किती वेळ, हे तिन्ही येते, आणि फोन टाळण्याची वाट आपणच खुली ठेवल्यामुळे समोरचा बहुधा ऐकून घेतो. “कसे आहात?” असे मी विचारत नाही, कारण अनोळखी माणसाने ते विचारले की पुढे काहीतरी विकायचे आहे हे लगेच कळते.

नकाराचे म्हणाल, तर तो कोणत्या शब्दांत आला हे ऐकावे. नुसते “नको, नको” हे बहुतेक वेळा गल्ल्यावर गर्दी असल्याचे लक्षण असते; तिथे “बरं, चारनंतर करू का?” एवढेच विचारून फोन ठेवावा. “आमचा माणूस ठरलेला आहे” हा मात्र खरा नकार आहे, आणि त्याच्याशी वाद घालू नये. एका मिठाईवाल्यांशी झालेले बोलणे देतो.

“आमचा माणूस आहे.”
“चांगलं आहे, त्यांनाच ठेवा. प्रमाणपत्रावर पुढची तारीख काय आहे, तेवढं बघून ठेवा.”
“ते कुठंतरी फाइलीत असेल.”
“सापडलं नाही तर काट्यावरच्या शिक्क्यात तिमाहीचं अक्षर आणि वर्ष असतं, त्यावरून कळेल. माझा नंबर पाठवू का? तुमचा माणूस गावाला असेल तेव्हा उपयोगी पडेल.”

त्यांनी होकार दिला आणि पुढे काही महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर काटा बंद पडल्यावर, त्यांनीच फोन केला. पहिल्या नकारानंतर मी एकच प्रश्न विचारतो. दुसऱ्या नकाराला आभार मानून थांबतो. “पुन्हा फोन करू नका” असे कोणी म्हटले, तर तो नंबर वहीतून कायमचा काटतो.

अग्निशामक सिलिंडर रिफिल करणारे: मला हे फार मवाळ वाटते. “तुमची मुदत संपली आहे, तपासणी आली तर दंड होईल” असे थेट म्हटले की मालक स्वतः फोनवर येतो.

किराणा दुकानदार: येतो, पण चिडून येतो. असा फोन आला की मी आधी तो सरकारी माणूस समजतो, आणि नसल्याचे कळले की त्याला कधीच काम देत नाही. तारखेची आठवण करून देणे योग्यच आहे. परंतु माझी मुदत संपली हे तुम्हाला प्रमाणपत्र न पाहता कसे कळले, हा प्रश्न उरतोच. शिवाय सकाळी बोहनीआधी पैशांच्या गोष्टी काढू नयेत.

नुकताच व्यवसाय सुरू केलेले: माझ्याकडे दुकानदारांच्या नंबरांची विकत घेतलेली यादी आहे. दुकानाचा नंबर पाटीवरच लिहिलेला असल्यामुळे डीएनडी त्याला लागू होत नाही, असे मला सांगण्यात आले आहे. शिवाय तीस किलोचा कोणता काटा घ्यावा, हेही कोणी सुचवावे.

विमा एजंट: काट्याचे माहीत नाही, पण नंबर पाटीवर आहे म्हणून डीएनडी सुटत नाही. नोंदणी त्या मोबाइल नंबराची असते, आणि तो माणूस 1909 वर तक्रार करू शकतो. जाहिरातीच्या फोनसाठी टेलिमार्केटर म्हणून नोंदणी करून 140 ने सुरू होणारा नंबर घ्यावा लागतो. साध्या मोबाइलवरून यादीतले नंबर फिरवत बसल्यास तो नंबर बंद होऊ शकतो. म्हणून मी आधी दुकानात कार्ड देतो आणि “कधी फोन करू?” असे विचारून वेळ लिहून घेतो.

धागाकर्ता: मग तो अनोळखी फोन राहतच नाही, आणि माझा आवाका दोन गल्ल्यांपुरता उरतो. तालुक्याच्या गावांत प्रत्येक दुकानी जाणे परवडत नाही.

भुसार बाजारातील काटेदुरुस्ती व्यावसायिक: मी आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊन कार्डे देतो आणि नंतर फोन करतो. मात्र फोन नोकराने उचलला, तर त्याला काहीच न सांगता केवळ “शेठ कधी बसतात?” असे विचारावे, कारण त्याने सांगितलेला निरोप ‘काटेवाल्याला नको म्हटलं’ असाच परत येतो.