साहेबांचा व्हॉइस मेसेज आणि कामांची यादी: न कळलेलं आधी विचारायचं की धरून चालायचं?

फाईलवाली
भोसरी एमआयडीसीतलं छोटं मशीनिंग युनिट. साहेब गाडीतून व्हॉइस मेसेज टाकतात, मी त्याची यादी करून ऑफिसच्या ग्रुपवर टाकते. मंगळवारी, १७ तारखेला, संध्याकाळी ७:४० ला आलेला हा मेसेज जसाच्या तसा:

"हां, ऐक. पाटलांचं कोटेशन आज-उद्यात पाठवून टाका. रेट तोच ठेवा, पण ट्रान्स्पोर्ट धरून. नग दीडशे... नाही, अडीचशेच धर. मग ते जीएसटीचं बघून घ्या, वीस तारीख आहे. त्या हैदराबादच्या माणसाला फोन करायचा होता, तो राहिलाच. परवा ऑडिटवाले येतायत, गेजच्या कॅलिब्रेशनची फाईल तयार पाहिजे. कॉम्प्रेसरचं काय झालं विचारा. आणि हो, तो बोर्ड रंगवायचाय, ताबडतोब सांग पेंटरला, अर्जंट आहे. आणि ते पाटलांचं थांबवा जरा, मी बोलतो आधी."

आमच्याकडे पाटील दोन. एक ग्राहक, एक टेम्पोवाले, आणि टेम्पोवाल्यांचं बिल द्यायचं बाकी आहे. क्रम कसा लावायचा? आणि जे कळत नाही ते आधी विचारायचं की अंदाज धरून पुढे जायचं?

स्पष्टवक्ता
विचारायचं. दुसरं काही नाही. साहेबांनी सांगितलं त्याच क्रमाने यादी करा, शंका खाली लिहा, उत्तर आलं की काम सुरू. 'परवा' हाच शब्द घ्या. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही. अशा शब्दावर अंदाज बांधून उद्या तोंडघशी कोण पडणार? तुम्ही. साहेब नाहीत.

जुना टिपणनीस
'परवा'बद्दल तुमचं अर्धंच बरोबर आहे. शब्द दोन्हीकडचा आहे, पण क्रियापद नाही. "परवा ऑडिटवाले येतायत" यात शंका कसली? गुरुवार, १९ तारीख. "परवाचं चलान पाठव" असं असतं तर मात्र खूण करावी लागली असती, कारण तिथे क्रियापद काहीच सांगत नाही. जे ऐकून कळतं ते विचारायला लागलात तर साहेब चौथ्या प्रश्नापासून वाचणंच सोडतात, आणि खरा प्रश्न असतो पाचवा.

दिवस मात्र मेसेज ऐकला तेव्हापासून मोजू नका, बोलला गेला तेव्हापासून मोजा. हा मेसेज बुधवारी सकाळी ऐकला तरी त्यातला 'उद्या' बुधवारच. कुणी पुढे ढकललेला मेसेज असेल तर शेजारी दिसते ती ढकलल्याची वेळ, बोलल्याची नव्हे. म्हणून यादीत 'उद्या', 'परवा' लिहायचंच नाही. वार आणि तारीख लिहायची.

आता क्रम. या मेसेजमध्ये आवाज सगळ्यात कुठे चढलाय? बोर्डावर. 'ताबडतोब'ही तिथेच, 'अर्जंट'ही तिथेच. आणि सगळ्यात हळू आवाजात आलीय कॅलिब्रेशनची फाईल, जी गुरुवारी टेबलावर लागणार आहे. आवाजावरून क्रम लावला की फसलात. मी एकच गोष्ट बघतो: पहिलं पाऊल उशिरा टाकलं तर काय हातचं जातं? फाईल लावायला तासभर पुरतो. पण त्यात एखाद्या मायक्रोमीटरची किंवा प्लग गेजची मुदत संपलेली निघाली, तर लॅबकडून एका दिवसात दाखला मिळेल याचा भरवसा नाही. मग तो गेज वापरातून काढायचा, त्यावर 'वापरू नये'चा टॅग लावायचा आणि तसं रजिस्टरमध्ये लिहायचं. हे बुधवारी सकाळी कळलं तर निभावतं, गुरुवारी ऑडिटरसमोर कळलं तर नाही. म्हणून यादीतलं पहिलं काम 'फाईल तयार करणे' असं लिहू नका. 'रजिस्टरमधल्या मुदतीच्या तारखा तपासणे' असं लिहा.

दीडपट वेग
एवढं कशाला? फोनवर बोलून टाइप करायची सोय आहे, मेसेज दीडपट वेगाने लावा, दोन मिनिटांत सगळं लिहून होतं.

फाईलवाली
लिहून झालेलंच आहे, वर दिलंय. लिहिल्यावरचा प्रश्न आहे.

जुना टिपणनीस
आणि वेग वाढवूच नका. "दीडशे... नाही, अडीचशेच" यातला थांबा गेला की कागदावर "दीडशे नाही अडीचशे" एवढंच उरतं. मग कुणी तो प्रश्न समजतं, कुणी दुरुस्ती.

शॉपफ्लोअर
बोलण्याच्या रूपावरून कुणाला सांगितलंय ते कळतं, हे कुणी बोललं नाही. "ऐक", "धर", "सांग पेंटरला" हे एकेरी, म्हणजे फाईलवालीला. "पाठवून टाका", "विचारा", "थांबवा" हे अनेकवचन, म्हणजे ऑफिसला. त्याप्रमाणे कामं वाटून टाका.

जुना टिपणनीस
खूण म्हणून चांगलं आहे, नियम म्हणून नाही. "पाठवून टाका" आणि "अडीचशेच धर" हे दोन्ही एकाच कोटेशनबद्दल आहेत, मग ते करायचं कुणी? गाडीतून बोलणारा माणूस एका दमात दोन्ही रूपं वापरतो. त्यापेक्षा "फोन करायचा होता, तो राहिलाच" हे बघा. यात कर्ताच नाही. साहेबांनी करायचा होता की तुम्ही? हे काम आहे की नुसती हळहळ? इथे खूण हवी.

स्पष्टवक्ता
म्हणजे शेवटी विचारायचंच ना!

जुना टिपणनीस
विचारायचं, पण सगळं सारखंच नाही. चुकलं तर परत फिरवता येतं का, एवढंच तपासा. हैदराबादला फोन लावून "साहेब तुमच्याशी बोलणार होते, केव्हा सोयीचं पडेल?" असं विचारलं तर काही बिघडत नाही, उलट कुणी फोन करायचा हा प्रश्नच मिटतो. हैदराबादचा माणूस कोण हे ठाऊक असेल तर, अर्थात. कोटेशनचं तसं नाही. ते एकदा ग्राहकाच्या मेलवर गेलं की रेट मागे घेता येत नाही.

आणि या मेसेजची खरी मेख शेवटच्या वाक्यात आहे. पहिलं वाक्य म्हणतं पाठवा, शेवटचं म्हणतं थांबवा. ऐकता ऐकता यादी करणाऱ्याने कोटेशन पहिल्या क्रमांकावर टाकलेलं असतं आणि शेवट येईपर्यंत ते कुणीतरी पाठवलेलंही असतं. पूर्ण ऐकल्याशिवाय एक ओळ लिहू नये. 'ते पाटलांचं' म्हणजे कोटेशन की टेम्पोचं बिल हे मेसेजमधून ठरत नाही. "मी बोलतो आधी" दोघांनाही लागू पडतं. थांबवल्याने एका दिवसात कुणाचं नुकसान नाही, म्हणून दोन्ही थांबवायचं आणि विचारायचं. मसुदा मात्र करून ठेवायचा.

माझी यादी अशी झाली असती. प्रत्येक ओळीच्या शेवटी तुम्ही मेसेजमधला मिनिट-सेकंदही टाका, म्हणजे वाद झाला तर तेवढंच ऐकता येतं.

१. गेजच्या मुदती तपासणे. बुधवार १८, सकाळी ९. मुदत संपलेला गेज निघाला तर लगेच साहेबांना फोन. फाईल त्याच संध्याकाळपर्यंत.
२. जीएसटी, शुक्रवार २० च्या आत. शंका: "बघून घ्या" म्हणजे भरायचं की सीएकडे भरलं का ते विचारायचं? तोवर: सीएकडून भरायचा आकडा बुधवारीच मागवतो.
३. पाटील. शंका: "ते पाटलांचं थांबवा" म्हणजे कोटेशन की टेम्पोचं बिल? तोवर: दोन्ही थांबवलं. मसुदा तयार, नग २५० (आधी १५० म्हणालात). शंका: "रेट तोच" म्हणजे मागच्या ऑर्डरचा की मागच्या कोटेशनचा?
४. कॉम्प्रेसर. मेंटेनन्सला विचारून उत्तर याच ओळीत लिहिणे.
५. हैदराबाद. फोन करून साहेबांसाठी वेळ घेणे.
६. बोर्ड, पेंटरला निरोप.

शंका शेवटी गोळा केलेल्या नाहीत, बघा. शंका त्या कामाच्याच जागी राहते. खाली वेगळा ढीग केला की तिसऱ्या क्रमांकाचं काम आपोआप शेवटचं होतं.

जीएसटीग्रस्त
आमचं रिटर्न तिमाहीचं आहे. त्याची ३बी महाराष्ट्रात २२ तारखेला असते, २० ला नाही. आधी साहेबांची तारीख तपासा.

फाईलवाली
आमचं दरमहा असतं, २० च बरोबर.

जुना टिपणनीस
पण मुद्दा रास्त आहे. बोललेली तारीखही तपासायचीच असते. आणि २० ही भरायची शेवटची तारीख झाली. आकडा आला, साहेबांनी होकार दिला, बँकेतून पैसे गेले, हे सगळं त्याआधी व्हायला हवं. एक दिवस चुकला तरी साध्या रिटर्नला रोजचे ५० रुपये विलंब शुल्क लागतं, आणि कर रोखीने भरायचा राहिला असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज वेगळं. म्हणून ते दोन नंबरवर.

स्पष्टवक्ता
तुमच्या यादीतली एक गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. "तोवर" करून जे लिहिलंय ते ग्रुपवर गेलं की तो हुकूम होतो. खाली कुणीही शंका वाचत नाही. "नग २५०" एवढं दिसलं की स्टोअरवाला २५० चा माल काढतो.

जुना टिपणनीस
हे मान्य. शंकेची ओळ ग्रुपवर टाकायची नाही. आधी ही यादी फक्त साहेबांना. ग्रुपवर १, ४ आणि ५ गेले तरी बुधवारची सकाळ भागते.

स्पष्टवक्ता
आणि साहेबांनी रात्रीपर्यंत उत्तरच दिलं नाही तर?

जुना टिपणनीस
तर "तोवर" लिहिलंय तेच चालू राहतं. त्यासाठीच ते लिहायचं.

स्पष्टवक्ता
म्हणजे दोन दिवसांनी "मी कुठे हो म्हणालो होतो?" ऐकायची तयारी ठेवा. मी तर अशा वेळी सरळ फोन करेन.

शॉपफ्लोअर
बोर्ड सहावा कसा काय? ऑडिट गुरुवारी आहे. तो गेटवरचा नावाचा बोर्ड नसून शॉपमधला क्वालिटी पॉलिसीचा बोर्ड असेल तर? तसं असेल तर 'ताबडतोब' उगाच म्हटलेलं नाही. ऑइल पेंट एका रात्रीत नीट सुकत नाही, पेंटर बुधवारी सकाळीच यायला हवा. क्रम लावताना तुम्ही साहेबांचा शब्दच खाली ढकललात.

जुना टिपणनीस
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. "तो बोर्ड" यातल्या 'तो'वरच शंका हवी होती. बोर्ड ऑडिटच्या आधी लागणार असेल तर तो गेजच्या खालोखाल, दोन नंबरवर येतो. पेंटरला निरोप द्यायला तशीही दोनच मिनिटं लागतात, म्हणजे विचारत बसण्यापेक्षा आजच त्याला उद्या सकाळी यायला सांगून ठेवलेलं बरं. कुठला बोर्ड ते नंतर.

स्पष्टवक्ता
बघा, आता तुम्हीच न विचारता पेंटर बोलावताय.

फाईलवाली
मी शंकांची यादी साहेबांना पाठवली. तिसऱ्या शंकेला, "कोटेशन की टेम्पोचं बिल?", उत्तर आलं: "हो".

जुना टिपणनीस
'की' घालून विचारलं की चालत्या गाडीतून 'हो' च येणार. असं पाठवा: "पाटलांचं कोटेशन थांबवलं आहे, टेम्पोचं बिल उद्या देतोय. चूक असेल तर सांगा." आता 'हो' आलं तरी अर्थ लागतो.

स्पष्टवक्ता
आणि काहीच आलं नाही तर बिल गेलेलं असेल. दिलेले पैसे परत येतात का हो?

जुना टिपणनीस
नाही येत. मग उलट लिहा, "दोन्ही थांबवलं आहे, बिल द्यायचं असेल तर फक्त 'बिल' असं लिहा."