घोड्यांचा ‘मून ब्लाइंडनेस’: मराठीत काय म्हणावं?

कोरा_कागद: घोड्यांच्या संगोपनावरचं एक पुस्तक मराठीत आणतोय. त्यात हा आजार आहे. मी बेधडक ‘रातांधळेपणा’ लिहून मोकळा झालो होतो, संपादकांनी शेजारी प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलंय. ‘चंद्रांधत्व’ चालेल?

खोगीर: रातांधळेपणा अजिबात नाही. त्यात डोळा दुखत नाही, फक्त अंधारात दिसत नाही. इथे डोळ्याच्या मधल्या थराला सूज येते आणि जनावर उजेडात डोळा उघडत नाही. चंद्राच्या कलांबरोबर झटके येतात असा जुना समज होता, त्यावरून नाव पडलं. प्रत्यक्षात दोन झटक्यांत काही आठवडे जातात, कधी अनेक महिने.

बाराबंदी: आमच्याकडे ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात. तयार शब्द असताना संस्कृत कशाला?

खोगीर: फूल म्हणजे बुबुळावर कायमचा राहिलेला पांढरा डाग. इथे बुबुळ निळसर, धुरकट होतं आणि झटका ओसरला की बऱ्याचदा निवळतं. मालक तिथेच फसतो. आत बाहुलीची कड भिंगाला चिकटत जाते, मोतीबिंदू धरतो, आणि काही झटक्यांनंतर नजर जाते.

वळवळ: अहो, तो किडा असतो! डोळ्यातल्या पाण्यात पोहताना मी स्वतः पाहिलाय. डॉक्टरांनी काढला, घोडा बरा झाला.

खोगीर: तो डासांमुळे येणारा किडा, वेगळं प्रकरण. त्यानेही बुबुळ धुरकट होतं, म्हणून आपल्याकडे आधी तो आहे का बघावाच. पण किडा काढला की विषय संपतो. हा आजार पुन्हा येतो. बऱ्याच घोड्यांत मुळाशी लेप्टोस्पायराचा संसर्ग असतो आणि मग शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटते.

टांगेवाली: शब्दाचं मला कळत नाही, माझ्या घोडीचं सांगते. सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. एका सकाळी डाव्या डोळ्याला धार लागली होती. वरच्या पापणीचे केस एरवी समोर ताठ असतात, ते खाली झुकलेले. बाहुली उजवीपेक्षा बारीक. घरात स्टिरॉइडचे थेंब होते, तेच घालणार होते. डॉक्टर म्हणाले, थांबा. त्यांनी आधी डोळ्यात रंग घालून पाहिलं. बुबुळावर जखम असली तर स्टिरॉइडने ती चिघळते आणि डोळाच फुटू शकतो. जखम नव्हती, म्हणून स्टिरॉइड, बाहुली मोठी करणारं अॅट्रोपीन आणि सुजेवरचं औषध दिलं. अॅट्रोपीनने आतडी मंदावतात, म्हणून लीद मोजायला सांगितली. डोळा स्वच्छ झाला. तीन महिन्यांनी परत तेच. आमचा मोतद्दार म्हणाला, “बाई, डोळा उलटला.”

कोरा_कागद: हे झकास आहे! ‘उलटता डोळा’?

बाराबंदी: नको. वाचणाऱ्याला वाटेल घोडा डोळे फिरवतोय.

खोगीर: ‘उलटणारा नेत्रदाह’ म्हणा. ‘अंधत्व’ मात्र नावात नको. पहिल्या झटक्याला घोडा आंधळा नसतो, आणि औषधाचा उपयोग तेव्हाच जास्त होतो.

टांगेवाली: नेत्रदाह आमच्या मोतद्दाराला सांगून बघते. हसेल.