मदत हवी आहे: लिटरेचर रिव्ह्यू 'नुसता सारांश' म्हणून परत आलाय

पर्वती_पायथा: गाईडनी चॅप्टर दोन तिसऱ्यांदा परत पाठवला. शेरा एकच, 'हे वर्णन झालं, चिकित्सा कुठंय?' प्रत्येक पेपरचं साल, सॅम्पल, निष्कर्ष सगळं दिलंय, अजून काय लिहू? नोबेलवाल्यांच्या चुका मी काढू का? सोमवारी द्यायचाय, लवकर सांगा.

चहा_कमी_साखर: विषय काय? एक पॅरा तरी टाका की.

पर्वती_पायथा: सॉरी. मायक्रोफायनान्स आणि बायकांचं उत्पन्न. पॅरा: 'पिट व खांडकर (१९९८) यांना बांगलादेशात बायकांच्या दर १०० टाका कर्जामागे घरखर्च १८ टाकांनी वाढलेला आढळला. बॅनर्जी, डफ्लो व इतर (२०१५) यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांत प्रयोग केला. घरखर्चात लक्षणीय वाढ आढळली नाही.'

नळस्टॉप_नाईट: मध्ये 'याउलट' टाका आणि प्रत्येकाची एक मर्यादा लिहा, सॅम्पल लहान वगैरे. माझं त्यावरच पास झालं.

निवृत्त_मास्तर: 'याउलट'ने दोघांचं पटत नाही एवढंच कळतं, का पटत नाही ते कुठे कळलं? आणि १०४ वस्त्यांना सॅम्पल लहान म्हणालात तर व्हायवात हसतील. पहिल्या अभ्यासाची तुलना अर्ध्या एकराच्या नियमावर उभी आहे, म्हणजे त्याहून जास्त जमीन असलेल्याला कर्ज नाही. पण मॉर्डक, नंतर रूडमन यांनी तोच डेटा उघडला तर जास्त जमीनवालेही कर्जदार निघाले, मग १८ टाका कर्जामुळेच वाढले हे कशावरून? हैदराबादेत कंपनीनं कुठल्या वस्त्यांत कर्ज द्यायचं ते चिठ्ठीनं ठरवलं, ते बरं, पण त्या वस्त्या आणि उरलेल्या वस्त्या यांत कर्ज घेणाऱ्यांचा फरक जेमतेम ८ टक्क्यांचा. सरासरी अख्ख्या वस्तीची काढलीय, त्यात कर्ज न घेतलेलेच जास्त. सुरुवात अशी करा:

'कर्जाने घरखर्च वाढतो हा दावा तुलनेचा गट कसा ठरवला यावर अवलंबून आहे. पिट व खांडकर यांचा जमिनीचा निकष प्रत्यक्षात पाळला गेला नसल्याने त्यांचा आकडा कर्जाचा परिणाम म्हणून स्वीकारणे कठीण आहे. हैदराबादचा प्रयोग ही अडचण टाळतो, मात्र कर्ज घेणाऱ्यांतला फरक लहान असल्याने प्रत्यक्ष कर्जदारावर परिणाम झाला नाही असे त्यावरून म्हणता येत नाही.'

वाक्याचा कर्ता बघा, लेखक जाऊन दावा आला.

नळस्टॉप_नाईट: पिट यांनी रूडमनना उत्तर दिलंय, तुम्ही एकच बाजू सांगताय.

निवृत्त_मास्तर: बरोबर. 'स्वीकारणे कठीण'च्या पुढे 'वाद मिटलेला नाही' जोडा.

कात्रज_१०: प्लॅजरिझम किती टक्के चालतं? माझं २२ येतंय.

चहा_कमी_साखर: त्याचा वेगळा धागा काढा हो. पर्वती, तुमचं फील्ड कुठलं ते राहिलंच.

पर्वती_पायथा: हडपसरचे बचत गट, बँकेशी जोडलेले.

निवृत्त_मास्तर: मग हे आधी सांगायचं! हैदराबादचं कर्ज मायक्रोफायनान्स कंपनीचं होतं, तुमच्या बायका आधी बचत करतात, मग कर्ज. ते निष्कर्ष इथे कितपत लागू पडतात हे तुम्हालाच लिहायचंय.

पर्वती_पायथा: म्हणजे अजून एक पॅरा 🤦 सोमवारपर्यंत निम्मेच पेपर होतील, बाकीचे तसेच ठेवू का?